बासष्टातून अठ्ठावीस

चार इयत्ता, एक खोली आणि एकच शिक्षिका. चाळीस मिनिटांचा तास धरला आणि बाई प्रत्येक इयत्तेपाशी सारखा वेळ बसल्या, तरी कुठल्याही मुलाच्या वाट्याला त्या दहाच मिनिटं येतात. उरलेली तीस मिनिटं ते मूल असतं आणि त्याच्यासमोरचा कागद असतो. बहुवर्ग शाळेचा सगळा प्रश्न मला या तीस मिनिटांत दिसतो. बाई पलीकडच्या रांगेत बसलेल्या असताना मूल काय करतं, कशावर अडतं आणि ते कुठे अडलं होतं हे बाईंना नंतर कसं कळतं?

मी शिक्षक व्हायला शिकत होते तेव्हा एका खेड्यातल्या बाईंच्या वर्गात काही काळ बसले. पहिलीत सहा मुलं, दुसरीत चार, तिसरीत सात, चौथीत पाच. बाई रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे कागद हाताने काढत. त्यांच्याकडे छापील कृतिपत्रिकाही होत्या, चांगल्या होत्या, रंगीत होत्या आणि बाई त्या वापरतही. पण गणितासाठी मात्र त्या पेन्सिल, पट्टी आणि चौकटींची वही घेऊन बसत. एवढा खटाटोप कशासाठी, हे मला पहिले काही दिवस उमगलं नव्हतं. चित्र काढण्याची हौस असेल, असं वाटलं होतं. हौस होतीच. पण त्या कागदांचं खरं काम मला कळलं ते एका वजाबाकीमुळे. तीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी ते कागद कसे असत ते सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धीच कळेल.

बाई चारही इयत्तांसाठी एकच चित्र घेत. एका आठवड्यात ते तळं होतं. मधे पाणी, कडेने झाडं, पाण्यात पाच बदकं आणि काठावर आठ. पहिलीच्या मुलांनी पाण्यातली बदकं मोजायची, काठावरची मोजायची आणि शेजारच्या चौकोनात आकडा लिहायचा. दुसरीच्या मुलांना तीच बदकं, पण त्यांनी एकूण किती, काठावर किती जास्त, हे काढायचं आणि शेवटी त्याच चित्रावर आपल्या मनाने एक प्रश्न तयार करायचा. तिसरीला तळ्यातल्या कमळांची गोष्ट. कमळं चित्रात काढलेली नसत, कारण संख्या मोठी असे आणि मोजून उत्तर काढता येऊ नये अशीच ती योजना होती. चौथीसाठी बाई तळं चौकटींच्या कागदावर काढत आणि तळ्याने किती चौकटी व्यापल्या हे विचारत. पूर्ण चौकट एक धरायची, अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर तीही एक, अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायची. दोन मुलांची उत्तरं थोडी वेगळी आली तर दोघांनी मिळून कुठल्या चौकटीवर मतभेद आहे ते शोधायचं.

एकच चित्र घेण्याचा एक मोठा फायदा होता. तासाच्या सुरुवातीची चार-पाच मिनिटं बाई चित्राबद्दल सगळ्यांशी एकदमच बोलू शकत. तळं कसं असतं, बदकं पाण्यात का तरंगतात, ही पलीकडची कोण, वगैरे. बावीसही मुलं एका गोष्टीत शिरायची आणि मग प्रत्येक इयत्ता आपापल्या वाटेने जायची. चौथीतलं मूल पहिलीतल्या भावंडाच्या कागदावर नजर टाकू शकायचं, कारण चित्र ओळखीचं होतं. चार वेगळे धडे एकाच खोलीत चालू असले की जो गोंधळ होतो, तो इथे नव्हता.

प्रत्येक कागदाची बांधणीही ठरलेली होती. पहिला प्रश्न असा की इयत्तेतल्या प्रत्येकाला कोणालाही न विचारता यावा. मूल पहिल्याच ओळीत अडलं तर पुढची तीस मिनिटं वाया जातात आणि ते बाईंकडे येऊन उभं राहतं, म्हणजे दुसऱ्या इयत्तेची दहा मिनिटंही मोडतात. शेवटचा प्रश्न कधीही न संपणारा. ‘याच चित्रावर आणखी गणितं तयार कर’, किंवा ‘तळ्यात आणखी काय काय असेल ते काढ आणि त्याच्या संख्या लिही’. जे मूल भराभर सोडवतं त्याला रिकामं बसावं लागू नये, म्हणून. आणि या दोन टोकांच्या मधे तीन किंवा चार प्रश्न, जास्त नाहीत. बाई म्हणायच्या, मला ते तीनच प्रश्न वाचायचे असतात. बाकीचे त्या मुलासाठी असतात.

सूचना लिहिण्यात मोठी अडचण होती. पहिलीच्या मुलांना वाचता येत नाही आणि दुसरीतल्या काहींना येतं, पण ते वाचण्यातच दमून जातात. म्हणून बाईंनी खुणा ठरवल्या होत्या. डोळा म्हणजे नीट बघ, पेन्सिल म्हणजे लिही, दोन ठिपके आणि मधली रेघ म्हणजे जोड्या लाव, कान म्हणजे मोठ्या मुलाकडून वाचून घे. खुणा पाच-सहाच आणि वर्षभर त्याच. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या परिसरातल्या छोट्या ग्रामीण शाळांमध्ये बहुवर्ग अध्यापनासाठी कार्डांची एक मोठी पद्धत तयार झाली. तिच्यातही कृतीचा प्रकार चित्रखुणेने ओळखायचा असतो आणि मूल शिडीसारख्या तक्त्यावर आपली पुढची पायरी स्वतः शोधतं. कोलंबियातल्या ग्रामीण शाळांसाठी १९७०च्या दशकात ‘एस्कुएला नुएवा’ हा प्रयोग सुरू झाला. तिथेही मुलाने शिक्षकाची वाट न पाहता पुढे जावं, अशा मार्गदर्शिका हा त्याचा कणा होता. अशी कामं पुष्कळ माणसांनी पुष्कळ वर्षं खपून केली आहेत आणि त्यातून जे क्रम तयार झाले ते एकट्या शिक्षिकेला घरी बसून जमणारे नाहीत. बाईंनाही हे माहीत होतं. एका आठवड्याचा क्रम कसा लावावा हे त्या तयार साहित्यातूनच घेत. त्यांचा हात चालायचा तो एका लहान जागेत. काल या मुलाने काय लिहिलं आणि म्हणून आज त्याला नेमकी कुठली संख्या द्यायची, एवढ्याच जागेत.

प्रतींचं काय, हा प्रश्न मला लगेच पडला होता. बाईंकडे छपाईचं काही साधन नव्हतं. जुन्या काळी शिक्षक जिलेटिन आणि ग्लिसरीनचा थर ट्रेमध्ये ओतून त्यावर खास जांभळ्या शाईने लिहिलेला कागद उलटा दाबत आणि मग त्या थरावरून एकामागून एक प्रती उठवत. प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा फिकी होत जाई. बाईंकडे होता कार्बन पेपर. बॉलपेनने दाबून लिहिलं की तीन प्रती स्वच्छ उठत, चौथ्या प्रतीत आकडे पुसट होत आणि ३ आहे की ८ हे कळेनासं होई. गणितात ते चालत नाही. म्हणून त्या तीनच्या वर जात नसत. यातून एक व्यवस्था आपोआप तयार झाली. पहिलीच्या मुलांना कागदावरच गोल करायचे असतात, रेघा ओढायच्या असतात, तेव्हा त्यांना प्रत्येकी एक कागद हवाच. दुसरीपासून पुढे उत्तरं वहीत लिहायची आणि कागद जसाच्या तसा परत करायचा. दोघांत एक कागद पुरे. आणि शेजारी बसणाऱ्या दोघांच्या वजाबाक्या वेगळ्या, एकाच्या डाव्या रकान्यात, दुसऱ्याच्या उजव्या. बघून लिहिण्याचा मोह उरत नसे आणि बाईंना दुप्पट उदाहरणांची उत्तरं वाचायला मिळत.

चित्राबद्दल बाई फार कडक होत्या, स्वतःशी. पहिल्या तळ्यात त्यांनी बदकांची पाण्यातली प्रतिबिंबंही काढली होती, फार सुंदर, पेन्सिलीच्या आडव्या रेघांनी हलणारी. पहिलीतल्या एका मुलीने पाण्यातल्या बदकांच्या चौकोनात १० लिहिलं. बाईंनी तिला मोजून दाखवायला सांगितलं. तिने पाच बदकांवर बोट ठेवलं आणि मग पाच प्रतिबिंबांवर.

“आणि ही गं?” बाईंनी विचारलं.

“ही बुडी मारतायत.”

तिची मोजणी अगदी बरोबर होती. एकही बदक दोनदा मोजलं नव्हतं, एकही सुटलं नव्हतं. चुकलं होतं ते चित्र. बाईंनी तिच्या दहाखाली बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी पहिलीच्या कागदावरून प्रतिबिंबं काढून टाकली. झाडाआड अर्धं दडलेलं बदकही काढून टाकलं. मोजायच्या वस्तूंमध्ये आता इतकं अंतर असे, की मोजून झालेल्या वस्तूवर मुलाला खूण करता यावी. काढून टाकलेली ती प्रतिबिंबं मग चौथीच्या कागदावर गेली. मधे पाण्याची रेघ, वर बदक आणि खाली मुलांनी चौकटी मोजून त्याचं उलटं रूप पूर्ण करायचं. ज्या गोष्टीने पहिलीचा प्रश्न बिघडवला तीच चौथीसाठी सममितीचा धडा झाली. मला हे फार आवडलं होतं. अजूनही आवडतं.

आता ती वजाबाकी.

तिसरीतला एक मुलगा दशक सुटा करण्याच्या वजाबाकीत अडकला होता. कमळांच्या गोष्टीतलं उदाहरण होतं, ‘तळ्यात ६३ कमळं होती, त्यातली २८ तोडली, किती उरली?’ त्याने लिहिलं ४५. बरोबर उत्तर ३५. बाईंनी वही पाहिली आणि त्यांना वाटलं की हे नेहमीचंच आहे. तिसरीतली कितीतरी मुलं एककाच्या घरात लहान अंक मोठ्या अंकातून वजा करतात, वर कुठला आणि खाली कुठला ते बघतच नाहीत. ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधून ३ काढतात, ५ लिहितात. मग ६ मधून २ काढले, ४. झाले ४५.

यावरचा उपाय ठरलेला. बाई त्या मुलाजवळ काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन बसल्या. सहा गठ्ठे, तीन सुट्या. त्यातून आठ सुट्या काढायच्या आहेत, तीनच आहेत, मग काय करायचं? मुलगा म्हणाला, गठ्ठा सोडायचा. त्याने गठ्ठा सोडला, तेरा सुट्या झाल्या, आठ बाजूला ठेवल्या, पाच उरल्या. मग पाच गठ्ठ्यांतले दोन बाजूला ठेवले. तीन गठ्ठे, पाच सुट्या. पस्तीस. काहीही न अडखळता.

दुसऱ्या दिवशी वहीत ८१ उणे ३६. त्याने लिहिलं ५५. पुन्हा चूक आणि पुन्हा तशीच दिसणारी. ६ मधून १ गेला ५, ८ मधून ३ गेले ५. बाईंनी पुन्हा काड्या काढल्या आणि मुलाने पुन्हा काड्यांनी बिनचूक करून दाखवलं. मी शेजारीच बसले होते. त्या मुलाच्या चेहऱ्यावर आता कंटाळा होता. त्याला येत असलेली गोष्ट त्याला परत परत शिकवली जात होती आणि त्याला न येणाऱ्या गोष्टीला कोणी हात लावत नव्हतं. पण ती कुठली, ते त्याला सांगता येत नव्हतं आणि आम्हाला दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई वह्या घेऊन बसल्या आणि ६३ उणे २८ हे उदाहरण त्यांनी स्वतः चुकीच्या रीतीने सोडवायला घेतलं. मुद्दाम. आधी उलट्या वजाबाकीने. ८ मधून ३ गेले ५, ६ मधून २ गेले ४. ४५. मग दुसऱ्या चुकीने. समजा मुलाने गठ्ठा सोडला, ३ चे १३ केले, १३ मधून ८ काढले, ५ लिहिले, पण डावीकडचे ६ खोडून ५ करायचे राहून गेले. ६ मधून २ गेले ४. पुन्हा ४५.

दोन अगदी वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. पहिल्या चुकीच्या मुलाला दशक सुटा करणं माहीतच नाही. दुसऱ्या चुकीच्या मुलाला ते पूर्ण कळलं आहे, फक्त कागदावर ते नोंदवताना एक पायरी सुटते. काड्यांमध्ये ती पायरी सुटूच शकत नाही, कारण सोडलेला गठ्ठा डोळ्यांदेखत नाहीसा होतो. कागदावरचा ६ मात्र कोणी खोडेपर्यंत ६च राहतो. पहिल्या मुलाला काड्या हव्यात. दुसऱ्याला काड्या देऊन काहीच उपयोग नाही, त्याला खोडायची सवय हवी. आणि ६३ उणे २८ हे उदाहरण विचारणाऱ्याला यातलं काहीच सांगत नाही.

बाईंनी एक अंक बदलला. ६३ च्या जागी ६२. बासष्टातून अठ्ठावीस. आता बरोबर उत्तर ३४. उलटी वजाबाकी करणाऱ्याचं उत्तर येईल ४६, कारण ८ मधून २ गेले ६. खोडायचं विसरणाऱ्याचं येईल ४४, कारण १२ मधून ८ गेले ४ आणि वरचा ६ तसाच. आणि गडबडीत बेरीजच करून बसलेल्याचं येईल ९०. चार वेगळ्या वाटा, चार वेगळी उत्तरं.

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या कागदावर तळं तेच होतं, कमळं ६२ होती. मुलाने लिहिलं ४४.

बाईंनी त्याच्यापुढे काड्या आणल्या नाहीत. त्यांनी पुढच्या कागदावर त्याच्या वजाबाक्यांच्या डोक्यावर दोन छोट्या चौकटी काढल्या, एक दशकाच्या वर, एक एककाच्या वर. गठ्ठा सोडलास की दोन्ही चौकटी भरायच्या, आणि त्याशिवाय खाली उत्तर लिहायचं नाही. एवढंच. चौकटी असलेल्या कागदावर त्याची सगळी उत्तरं बरोबर आली. मग बाईंनी फक्त दशकावरची चौकट ठेवली, एककावरची काढून टाकली. मग दशकावरचीही अर्धीच ठेवली, नुसती एक रेघ. मग काहीच नाही. रेघ गेल्यावर एकदा चूक परत आली, तेव्हा रेघही परत आली. साधारण पंधरवड्यात मुलगा आपल्या हाताने ६ वर तिरपी रेघ मारून वर ५ लिहायला लागला.

छापील कागदावर हे करता येत नाही, असं मी म्हणणार नाही. चांगल्या छापील कागदावर चौकटी असतातच. पण त्या सातही मुलांसाठी असतात आणि शेवटपर्यंत असतात. चौकट कधी काढायची, हे त्या मुलाच्या कालच्या वहीवरून ठरत होतं. तिसरीतल्या आणखी दोन मुलींची चूक त्याच ६२ च्या उदाहरणाने वेगळी असल्याचं उघड झालं. त्यांचं ४६ आलं होतं. त्यांच्या कागदावर चौकटी नव्हत्या, गठ्ठ्यांचं चित्र होतं. एक गठ्ठा सोडवून सुट्या काड्या काढायच्या आणि मग आकडे लिहायचे. सात मुलांसाठी तीन प्रकारचे कागद. कार्बन पेपरच्या तीन प्रतींच्या मर्यादेत ते व्यवस्थित बसत होतं.

शून्याचं उदाहरण बाईंनी नंतर घेतलं आणि त्यात आणखी गंमत होती. ५० उणे २७. बरोबर उत्तर २३. खोडायचं विसरला तर ३३. उलटी वजाबाकी केली तर ३७. आणि ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’ असं मानणारं मूल लिहितं ३०. हा चौथा प्रकार ६२ मध्ये दिसूच शकत नाही. तो दिसायला वर शून्य लागतं. बाई असं एखादं उदाहरण सापडलं की वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत, शेजारी प्रत्येक चुकीचं उत्तर आणि त्याचा अर्थ. संध्याकाळी वह्या तपासताना त्या बरोबर-चूक अशा खुणा फार कमी करत. त्या नुसतं उत्तर वाचत आणि मुलाचं नाव एका रकान्यात लिहीत. बावीस मुलांच्या वह्या त्यांना त्यामुळे फार वेळ घेत नसत. वेळ जाई तो नंतर, कागद काढण्यात.

आणि तो खूप जाई. रोज संध्याकाळी दीड-दोन तास. त्यात फक्त गणित. भाषेसाठी बाई छापील वाचनकार्डं वापरत, परिसर अभ्यासासाठी मुलांना बाहेर नेत. सगळे विषय हाताने काढायचे ठरवलं असतं तर त्या महिन्याभरात आजारी पडल्या असत्या. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण अशा शिक्षकांची गोष्ट सांगताना त्यांच्या कष्टाची आरती ओवाळली जाते आणि निवड कुठे केली ते राहून जातं. बाईंनी निवड केली होती. जिथे मुलाची चूक उत्तरावरून ओळखता येते आणि ती ओळखल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळं काही देता येतं, तिथेच हात चालवायचा. चित्रात रंग भरणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, कारण रंगीत चित्र दिलं की पहिलीची मुलं मोजायचं सोडून बघत बसत आणि बिनरंगी दिलं की मोजून झाल्यावर रंगवत. म्हणजे न संपणारा शेवटचा प्रश्नही त्यातच मिळाला.

चौथीतल्या मुलांना बाई कधीकधी दुसरी-तिसरीसाठी कागद काढायला सांगत. त्यात एक अट असे. कागद काढणाऱ्याने उत्तरं मागच्या बाजूला लिहून द्यायची, म्हणजे आधी स्वतः सोडवायचा. चौथीतल्या एका मुलीला हे काम फार आवडे. तिने तिसरीसाठी वजाबाकीचा कागद मागितला, तेव्हा बाईंनी तिला आणखी एक अट घातली. एककाच्या घरात वरच्या आणि खालच्या अंकात पाचाचा फरक नको.

“का?”

बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी तिला ६३ उणे २८ लिहून दिलं आणि ते दोन चुकीच्या रीतींनी सोडवायला सांगितलं, कुठल्या त्या समजावून. मुलीला चुकीचं सोडवायला सांगितलेलं ऐकून आधी हसू आलं. मग ती खाली वाकून बसली. दोन्हीकडून ४५ आल्यावर तिने पेन्सिल ठेवली आणि कागदाकडे बघत राहिली. मग तिने आपल्या मनाने ७१ उणे ४६ घेतलं. दोन्हीकडून ३५. मग ९४ उणे ५९. दोन्हीकडून ४५. थोड्या वेळाने तिने वहीच्या कोपऱ्यात जोड्या लिहिल्या, ० आणि ५, १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८, ४ आणि ९. वरचा अंक लहान आणि फरक पाच, अशा इतक्याच. असं का होतं हेही तिने शोधलं. खालच्यातून वरचा काढला तर पाच उरतात आणि दहा उसने घेऊन काढला तरी दहातले पाचच उरतात.

“फरक चार असला तर?” बाईंनी विचारलं.

“मग एकाचे चार येतील आणि दुसऱ्याचे सहा.”

“आणि सात असला तर?”

“सात आणि तीन.” तिने लगेच सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, “बाई, तीन अंकी वजाबाकीत दशकाच्या घरातही हीच अट लागेल का?”

बाई म्हणाल्या, “मी कधी करून पाहिलं नाही. कर बघू, मीही करते.”

तास संपत आला होता. पहिलीची मुलं रंगवत होती, दुसरीतले दोघे एकमेकांना गणितं घालत होते. मुलीने ७३६ उणे २८१ घेतलं. एककात ६ मधून १ सरळ जातो, दशकात मात्र ३ मधून ८ काढायचे. बरोबर उत्तर तिने आधी मागच्या बाजूला लिहिलं, ४५५. मग उलटी वजाबाकी केली, मग खोडायचं विसरून केली. बाईंनी त्यांच्या कागदावर तेच केलं. दोघींचे दोन्ही रकाने ५५५ वर येऊन थांबले आणि मुलीने आपल्या अटीत ‘एकक’ शब्दापुढे ‘आणि दशक’ असं लिहिलं.